‘जे का रंजले गांजले’: आधी अन्वय, मग अर्थ

मुलीच्या मराठीच्या वहीतल्या तुकोबांच्या अभंगाचा फोटो टाकलाय, जरा पुसट आहे. अर्थ, स्वतःच्या शब्दांत भावार्थ आणि शब्दार्थ न्यायचे आहेत. तिने ‘ज्याला अपंगत्व नाही त्याला हृदयाशी धरावे’ असं लिहिलंय. मला ते खटकतंय. (एक आई, नागपूर)

ताई, खटकलं ते बरोबरच. फोटोत काना पुसट झालाय. शब्द ‘आपंगिता’ आहे. आपंगणे म्हणजे जवळ करणे, सांभाळ करणे, आणि आपंगिता म्हणजे सांभाळणारा. म्हणून ज्याला सांभाळणारं कुणी नाही, त्याला जो हृदयाशी धरतो, असा त्या ओळीचा अर्थ. लेकीच्या अर्थाने धडधाकटांनाच जवळ करा असं होतं, आणि ते पहिल्या ओळीच्या थेट उलट जातं.

मुलं ओळीखाली ओळ अर्थ लिहीत जातात, तिथे वाक्य तुटतं. इथे दोन जोड्या एकमेकींत अडकल्या आहेत: ‘जे’ची जोडी ‘त्यासी’शी, ‘जो’ची ‘तोचि’शी. ‘तोचि’ तर पुढच्या ओळीत, ध्रुपदात आहे. आधी तिला असा अन्वय लावायला सांगा: ‘जे रंजले-गांजले आहेत, त्यांना जो आपले म्हणतो, तोच साधू ओळखावा, देव तेथेच आहे असे जाणावे.’ असं केलं की साधू कोण आणि दुःखी कोण, ही गल्लत होत नाही. ‘जे का’मधला ‘का’ प्रश्नाचा नाही, नुसता भरीचा आहे.

शब्दार्थ: रंजले – दुःखी, कष्टी (‘मनोरंजना’तलं रंजन नव्हे, आपल्याकडे हिंदी सगळ्यांना येते, ‘रंज’ आठवला की पुरे). गांजले – छळलेले, पिडलेले. सबाह्य – आतून-बाहेरून. नवनीत – लोणी. चित्त – मन. पुत्रासी – मुलाला, मुलावर. दासा आणि दासी – घरातले नोकर-चाकर. इथे बरीच मुलं ‘देवाचे भक्त’ लिहितात, ते चूक.

भावार्थ साधारण असा, शब्द मात्र तिचे असू द्या: ‘दुःखी, छळलेल्या माणसांना जो आपलं मानतो तोच खरा साधू, आणि देवही त्याच्याच ठायी असतो. लोणी जसं आतबाहेर मऊ, तसं सज्जनाचं मन. ज्याला कुणी नाही त्याला तो जवळ घेतो. पोटच्या मुलावर जेवढी माया, तेवढीच नोकरांवर करतो. तुकोबा म्हणतात, किती सांगू, असा माणूस म्हणजे देवाचीच मूर्ती.’

नोकरांची ओळ गाळू देऊ नका. दया म्हणजे नेमकं काय, हे तुकोबा तिथेच घरातल्या व्यवहारावरून दाखवतात. शेवटच्या ओळीत वहीत ‘मूर्ति’ ऱ्हस्व असेल तर अभंग उतरवताना तसंच ठेवा. भावार्थात मात्र ‘मूर्ती’ लिहा.