चेन्नईच्या घरमालकाला तमिळमध्ये ईमेल: डिपॉझिट परत मागताना काय लिहावं?

प्रश्न: चेन्नईतलं भाड्याचं घर 31 मेला सोडलं. 60,000 डिपॉझिट आहे. मालक म्हणतात रंगकामाला एक महिन्याचं भाडं (20,000), बाथरूमच्या ओल्या भिंतीचे 6,000, शिवाय नळ आणि खिडकीची काच, हे सगळं कापणार. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही. तमिळमध्ये नम्र पण स्पष्ट ईमेल कसा लिहू?

उत्तर: मी बरीच वर्षं चेन्नईत भाड्याने राहतोय आणि मराठी मित्रमंडळींसाठी अशी पत्रं लिहून दिली आहेत. मालकाला भाषेपेक्षा हिशेब आधी दिसतो, म्हणून तमिळकडे वळण्याआधी आकडा पक्का करा.

तमिळनाडूत घरमालक-भाडेकरूंसाठी 2017 चा कायदा आहे, तो फेब्रुवारी 2019 पासून लागू झाला. कोणती दुरुस्ती कोणाकडे, याची यादी त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग आणि पाण्याचे पाइप बदलणं मालकाकडे. नळ, वॉशर, खिडकीची काच, स्विच-सॉकेट ही किरकोळ कामं भाडेकरूकडे. म्हणजे नळ आणि काच तुमच्या अंगावर, रंग त्यांच्या. भिंतीचं उत्तर ओल कुठून आली त्यावर आहे. आतला पाइप गळत असेल तर खर्च त्यांचा. तुम्ही भिंतीत खिळा ठोकताना पाइप फोडला असेल तर मात्र गप्प भरा. करारात 'घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल' असं कलम आहे का तेही बघा. चेन्नईत हे कलम सर्रास घालतात. तुम्ही त्यावर सही केली असेल तर 'रंग तुमच्याकडे' असं ठणकावण्याऐवजी किती वर्षं राहिलात ते सांगून रक्कम कमी करून घ्या. खालचा मसुदा असं कलम नाही असं धरून लिहिला आहे.

एक गोष्ट तुमच्या हिशेबात राहिली आहे: ईबी, म्हणजे विजेचं बिल. इथे ते दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे घर सोडताना मधल्या काळाचं बिल हमखास बाकी असतं. मालक ते कारण पुढे करून सगळी रक्कम अडवून ठेवतात. ती पळवाट आधीच बंद करा. सोडताना मीटरचा फोटो काढला असेलच, त्या रीडिंगवरून अंदाज काढा आणि रक्कम स्वतःहून कापायला सांगा. समजा नळाचे 850, काचेचे 1,200 आणि ईबीचे 1,450 धरले. एकूण 3,500, आणि परत यायचे 56,500. ईमेलमध्ये हेच आकडे जातील.

खाली तमिळ मजकूर देवनागरीत देतो. फोनवर तमिळ कीबोर्ड घेऊन तो तमिळ लिपीत टाइप करा आणि पाठवण्याआधी एखाद्या तमिळ सहकाऱ्याकडून वाचून घ्या. विषयाच्या ओळीत: 'वीट्टु मुन्बणत्तैत् तिरुम्बप् पेऱुदल् तोडर्बाग'.

मदिप्पिऱ्कुरिय ऐया, वणक्कम्.

तंगळ् वीट्टिल् इरण्डु आण्डुगळ् नल्लबडियागक् कुडियिरुन्दोम्, नन्ऱि. मे 31 अन्ऱु वीट्टैक् कालि सेय्दु, सावियैत् तंगळिडम् ओप्पडैत्तेन्.

नान् सेलुत्तिय मुन्बणम् 60,000 रूबाय्. अदिल् समैयलऱैक् कुऴाय्, जन्नल् कण्णाडि, मिन् कट्टणम् आगियवट्रुक्काग 3,500 रूबायैक् कऴित्तुक्कोळ्ळच् चम्मदिक्किऱेन्.

कुळियलऱैच् चुवरिल् उळ्ळ नीर्क्कसिवु, सुवरुक्कुळ् इरुक्कुम् कुऴायाल् एऱ्पट्टदु. इदै आगस्ट् मादमे पडंगळुडन् तेरिवित्तिरुन्देन्. इन्दच् चेलवुम् पेयिण्ट् सेलवुम् वीट्टु उरिमैयाळरैच् चेर्न्दवै एन्ऱु करुदुगिऱेन्.

एनवे मीदमुळ्ळ 56,500 रूबायै जून् 30-क्कुळ् एन् वंगिक् कणक्किल् सेलुत्तुमाऱु पणिवुडन् केट्टुक्कोळ्गिऱेन्. माट्रुक् करुत्तु इरुन्दाल् सेलवुक्कान रसीदुगळै अनुप्पुंगळ्, पेसि मुडित्तुक्कोळ्ळलाम्.

इप्पडिक्कु, (तुमचं नाव, फ्लॅट नंबर, खात्याचा तपशील)

मराठीत सांगायचं तर: दोन वर्षं चांगली गेली, धन्यवाद, 31 मेला घर रिकामं करून किल्ली दिली. अॅडव्हान्स 60,000, त्यातून स्वयंपाकघरातला नळ, काच आणि वीज यांचे 3,500 कापायला माझी हरकत नाही. बाथरूमची ओल भिंतीतल्या पाइपमुळे आहे, ते मी ऑगस्टमध्येच फोटोंसह कळवलं होतं. तो आणि रंगाचा खर्च मालकाकडे येतो असं मला वाटतं. उरलेले 56,500 जून 30 पर्यंत खात्यावर भरावेत ही विनंती. वेगळं मत असेल तर खर्चाच्या पावत्या पाठवा, बोलून मिटवू. वर्षं आणि ऑगस्ट मी अंदाजाने घातले आहेत, तुमचे खरे घाला. ओलीबद्दल आधी कधीच कळवलं नसेल तर ते वाक्य काढून टाका, खोटं लिहू नका. मालकीणबाई असतील तर 'ऐया'च्या जागी 'अम्मा'.

मजकुराचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. तुम्ही जे मान्य करता ते नकाराच्या आधी आलं की वाचणारा चिडत नाही आणि नकार अडेलतट्टूपणाचा वाटत नाही. पावत्या मागण्याचं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण 6,000 हा आकडा बहुतेकदा गवंड्याला न विचारता तोंडी सांगितलेला असतो. पावती मागितली की तो आपोआप खाली येतो. भाषा लेखी तमिळच ठेवा. शेजाऱ्यांशी बोलताना कानावर पडलेलं 'सीक्किरम् अनुप्पुंग' व्हॉट्सअॅपवर चालतं, पण ईमेलमध्ये घालू नका.

कायद्याचं नाव या पहिल्या पत्रात घेऊ नका. त्यातलं कलम 11 सांगतं की घर सोडल्यापासून एक महिन्यात, योग्य वजावट करून, डिपॉझिट परत द्यायचं. जून 30 ही तारीख मी तिथूनच घेतली, पण मालकाला ती साधी विनंतीच वाटू दे. तारीख उलटून दोन-चार दिवस झाले की दुसऱ्या ईमेलमध्ये कायद्याचा उल्लेख करा आणि गरज पडल्यास कायदेशीर मार्गाने जाईन असं एका वाक्यात लिहा. करार नोंदवलेला असेल तर या वाक्याला वजन आहे. नसेल तर धमकी देण्याआधी स्थानिक वकिलाला विचारा, नाहीतर ती तुमच्यावरच उलटेल.

ईमेलला चारच फोटो जोडा: ओल आलेली भिंत, रिकाम्या खोल्यांपैकी एक, मीटरचं रीडिंग आणि खिडकीची काच. वीस फोटो पाठवले तर कोणी उघडत नाही. आणि वयस्कर मालक मेल रोज बघत नाहीत, तेव्हा पाठवल्यावर लगेच व्हॉट्सअॅपवर 'ऐया, ईमेल अनुप्पियिरुक्किऱेन्, पारुंगळ्' असा निरोप टाका. निळ्या टिका आल्या की स्क्रीनशॉट काढून ठेवा, दुसऱ्या पत्राला जोडायला लागेल.