"ठेवा त्याला आत, धडा मिळू दे"

"मॅडम, माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला गाडीचोरीच्या संशयावरून पोलिसांनी नेलंय. उद्या बाल न्याय मंडळापुढे हजर करणार म्हणतात. त्याला तुरुंगात टाकतील का? पुढे नोकरी मिळेल का?"

तुरुंगात नाही, आणि लॉकअपमध्येही नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मंडळापुढे आणावंच लागतं. तिथे काय होतं, ते माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाच्या गोष्टीतून सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

पंधरा वर्षांचा मुलगा. शेजारच्या सोसायटीत स्कूटरला चावी तशीच राहिलेली दिसली, मित्राला मागे बसवलं आणि पेट्रोल संपेपर्यंत फिरवली. मंडळ म्हणजे साधी खोली, आरोपीचा पिंजरा नाही. टेबलामागे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक महिला. वडिलांना विचारलं, "घरी नेताय ना?" रात्रपाळी करून थेट आलेले वडील म्हणाले, "ठेवा त्याला आत, धडा मिळू दे." आई त्यांची बाही ओढत राहिली.

आता कायदा काय म्हणतो? 2015 च्या बाल न्याय कायद्यात गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणं हा नियम आहे. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं मानायला कारण असेल, तरच त्याला अडवतात. म्हणजे मंडळाची नजर मुलाइतकीच घरावर असते. सांभाळणारंच हात वर करतंय म्हटल्यावर मुलगा निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, गेला. अकरा दिवस राहिला. धडा मिळाला म्हणता येईल, पण तिथल्या मोठ्या पोरांकडून.

दरम्यान परिवीक्षा अधिकारी घरी आले. घर, शाळा, मित्र, मारहाण या सगळ्याचा सामाजिक तपासणी अहवाल त्यांना दोन आठवड्यांत द्यायचा असतो. आईने सांगितलं, "पोरगा गरीब आहे हो, शाळा-घर, बस्स." वर्गशिक्षकांनी सांगितलं, दिवाळीपासून आलेलाच नाही. दोन्ही वाक्यं अहवालात शेजारी शेजारी आली.

त्यानंतर आई-वडील माझ्याकडे आले. मी म्हटलं, आहे तसं सांगा, आणि पुढे काय करणार तेही सांगा. पुढच्या तारखेला वडिलांनी पाळी बदलल्याचं पत्र दाखवलं, शाळेत पुन्हा पाठवणार असल्याचं सांगितलं. मुलगा देखरेखीखाली घरी आला. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढतात. शेवटी मंडळाने समज दिली आणि समुपदेशनाला पाठवलं.

नोकरीचं म्हणाल, तर अशा आदेशामुळे मूल कशालाही अपात्र ठरत नाही. सोळा ते अठरा वयातल्या खून-बलात्कारासारख्या अतिगंभीर प्रकरणांची वाट मात्र वेगळी असते. तुमच्या मुलाचं प्रकरण त्यातलं दिसत नाही.

उद्या शाळेचा जन्मतारखेचा दाखला सोबत न्या. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, हजर होताच मागा. आणि आज रात्रीच त्याच्या वडिलांशी बोलून घ्या, "घरी नेताय ना?" याला काय उत्तर द्यायचं ते.