नोटीस न देता रेशन दुकानाचा परवाना रद्द
प्रश्न: साठ्यात दोन क्विंटल गहू कमी असल्याचं सांगून पुरवठा अधिकाऱ्यानं नोटीस न देता माझ्या रेशन दुकानाचा परवाना रद्द केला. अपील न करता थेट नागपूर खंडपीठात जाता येईल का?

हो, राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली जाता येतं. आदेश रद्द करून मागायचा, म्हणजे उत्प्रेषण रिट. अपिलाची सोय असली की हायकोर्ट सहसा आधी तिकडेच पाठवतं, पण बाजू मांडायची संधीच दिली नसेल तर थेट याचिका ऐकता येते, असं सुप्रीम कोर्टानं 1998 च्या व्हर्लपूल निकालात सांगितलं आहे. म्हणून भर त्याच मुद्द्यावर ठेवा. साठ्यात खरंच दोन क्विंटल गहू कमी होता का, हे रिटमध्ये सहसा तपासत नाहीत. त्या वादात शिरलात की ‘अपील करा’ हेच उत्तर मिळेल. आधी फाईलच्या प्रमाणित नकला काढा. आदेशात ‘नोटीस दिली’ असं लिहिलं असेल, तर जावक नोंद आणि तुमच्या सहीची पोच शोधा. पोच निघाली की मुद्दा लंगडा पडतो. जिंकलात तरी बहुतेक वेळा प्रकरण फेरसुनावणीसाठी त्याच अधिकाऱ्याकडे परत जातं, आणि याचिकेचा निकाल लागेपर्यंत दुकान चालू राहील असं नाही. त्यासाठी अंतरिम स्थगिती वेगळी मागावी लागते. अपिलाची मुदत मात्र याचिकेमुळे आपोआप थांबत नाही.