सेंट्रॉइडला काय म्हणायचं, आणि अक्षा'भोवती'च का

"सेंट्रॉइडला मराठीत नेमका शब्द कोणता? एका ठिकाणी गुरुत्वमध्य दिसतं, दुसरीकडे मध्यगासंपात, तिसरीकडे केंद्रक. आणि 'मोमेंट अबाउट वाय ॲक्सिस'चं मराठी 'Y-अक्षाभोवती' करायचं की 'Y-अक्षावर'? मुलीला दोन वक्रांमधल्या भागाचा सेंट्रॉइड मराठीतून समजावायचाय, तिथेच अडतंय."

'केंद्रक' आधी बाजूला ठेवा. तो हिंदीतून येतो, तिकडे सेंट्रॉइडला केंद्रक म्हणतात, पण आपल्याकडे केंद्रक म्हटलं की शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यासमोर पेशीतला तो गोल ठिपकाच येतो. 'मध्यगासंपात' हा सुंदर शब्द आहे, दहावीच्या भूमितीत आहे, पण तो फक्त त्रिकोणाचा आहे. मध्यगा तिथे एकत्र येतात म्हणून मध्यगासंपात, आणि परवलय आणि रेषा यांच्यात अडकलेल्या भागाला मध्यगा कुठून आणणार? राहिला गुरुत्वमध्य. तो मी वापरतो, एक अट घालून: पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचा आणि एकाच मालाचा आहे असं धरायचं. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ असेल तर वजनाचा मध्य एकीकडे आणि आकाराचा मध्य दुसरीकडे जातो, आणि सेंट्रॉइड हा आकाराचा आहे. डिप्लोमाची मुलं सरसकट 'सीजी' म्हणतात, त्यालाही हीच अट लागू.

गुरुत्वमध्य या शब्दातला 'मध्य' मात्र जरा फसवतो. ऐकणाऱ्याला वाटतं की इथून रेघ मारली की दोन सारखे भाग होतील, आणि ते खरं नाही. कुठलाही त्रिकोण घ्या, गुरुत्वमध्यातून पायाला समांतर रेघ मारा, वरचा तुकडा एकूण क्षेत्रफळाच्या 4/9 येतो आणि खालचा 5/9. खालचा तुकडा मोठा आहे पण रेघेच्या जवळ आहे, वरचा लहान आहे पण लांबपर्यंत गेलाय, म्हणून तोल राहतो. म्हणजे नुसतं क्षेत्रफळ नाही, क्षेत्रफळ आणि अंतर यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा आहे. त्या गुणाकाराला मोमेंट म्हणतात.

आता मोमेंटचं मराठी. मूळ लॅटिन मोमेंटम, त्याचा एक अर्थ तराजूचा काटा हलवणारं छोटंसं वजन असा होता आणि दुसरा अर्थ क्षण, गणितात पहिला अर्थ आला आणि रोजच्या इंग्रजीत दुसरा, त्यामुळे इथे 'क्षण' नको हे उघड आहे. हिंदीत 'आघूर्ण' आहे. मराठीत 'परिबल' आहे, निरूढी परिबल मधला, मला तो आवडतो. पण मुलीला समजावताना मी शाळेतल्या तरफेपासून सुरू करेन, कारण भार × भारभुजा तिने कधीच शिकलेलं आहे आणि ते परिबलच आहे, फक्त नाव तेव्हा सांगितलेलं नसतं.

कावड डोळ्यासमोर आणा. दीडशे सेंटिमीटरचा बांबू, डाव्या टोकाला २० किलो, उजव्या टोकाला ३० किलो, बांबूचं वजन सध्या सोडून द्या. खांदा कुठे द्यायचा? डाव्या टोकापासून मोजू. डावं वजन तिथेच टांगलंय म्हणून त्याचं अंतर शून्य आणि परिबलही शून्य, उजव्याचं ३० × १५० म्हणजे ४५००. भागिले एकूण वजन ५०, उत्तर ९०. म्हणजे डावीकडून ९० सेंमीवर खांदा, आणि ताळा बघा, २० × ९० = १८०० आणि ३० × ६० = १८००. वक्रांमधल्या भागाचं गणित याच्यापेक्षा वेगळं अजिबात नाही, फक्त दोन वजनांच्या ऐवजी असंख्य बारीक पट्ट्या आहेत म्हणून बेरजेच्या जागी इंटिग्रल येतं.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. डाव्या टोकापासून मोजलं म्हणजे त्या टोकाला खिळा ठोकलाय आणि कावड त्या खिळ्या*भोवती* फिरायला बघतेय असं धरलं. पातळ पत्र्यात खिळ्याच्या जागी अख्खी रेषा येते, दाराला बिजागऱ्यांची रेषा असते तशी. पत्रा आडवा धरलाय आणि Y-अक्षाच्या रेषेवर बिजागऱ्या आहेत अशी कल्पना करा, मग प्रत्येक पट्टी पत्रा किती खाली पाडायला बघतेय ते तिच्या Y-अक्षापासूनच्या अंतरावर ठरणार, आणि Y-अक्षापासूनचं अंतर म्हणजे x. म्हणून 'Y-अक्षाभोवतीचं परिबल' काढताना x ने गुणायचं आणि त्यातून x̄ मिळतो. 'Y-अक्षावरचं' म्हटलं की मुलं y ने गुणतात, मी हे माझ्या भाच्याच्या वहीत पानापानावर बघितलंय, आणि चूक गणिताची नव्हती, शब्दाची होती. 'भोवती' ठेवाच, आणि सुरुवातीला त्याच्या जोडीला 'पासूनचं अंतर' हेही प्रत्येक वेळी उच्चारा.

एक गणित पूर्ण करून बघू. y = x ही रेषा आणि y = x² हे परवलय, दोन्ही (0, 0) आणि (1, 1) इथे भेटतात, मधे रेषा वर आणि परवलय खाली. उभ्या पट्ट्या पाडायच्या. x जवळच्या पट्टीची लांबी x − x², रुंदी dx.

```
A   = ∫ (x − x²) dx   = 1/2 − 1/3 = 1/6
M_y = ∫ x(x − x²) dx  = 1/3 − 1/4 = 1/12
x̄   = M_y / A = 1/2
(सगळीकडे x = 0 ते 1)
```

हे सोपं गेलं, कारण उभी पट्टी अख्खी Y-अक्षापासून एकाच अंतरावर असते. X-अक्षाभोवतीच्या परिबलात गोची आहे. तीच उभी पट्टी आता X-अक्षापासून x² इतक्या अंतरावर सुरू होते आणि x इतक्या अंतरावर संपते, एकच अंतर नाहीच, मग तिच्या मधल्या बिंदूचं अंतर घ्यायचं, (x + x²)/2. त्याला लांबीने गुणलं की (x + x²)(x − x²)/2, म्हणजे (x² − x⁴)/2.

```
M_x = ½ ∫ (x² − x⁴) dx = ½ (1/3 − 1/5) = 1/15
ȳ   = M_x / A = 6/15 = 2/5
```

भाच्याने इथे ½(x − x²)² लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, "मामा, तूच म्हणालास ना पट्टीची अर्धी उंची घ्यायची." आणि खरंच, मी 'अर्धी उंची' म्हणालो होतो. अर्धी उंची म्हणजे पट्टीच्या लांबीचा अर्धा, आणि ते फक्त पट्टी X-अक्षावर उभी असेल तेव्हाच चालतं. इथे पट्टी अधांतरी आहे, म्हणून म्हणायला हवं होतं 'मधल्या बिंदूची अक्षापासूनची उंची'. लांबलचक आहे मान्य, पण त्या दिवसापासून मी तेच म्हणतो.

त्याच्या सूत्राने ȳ किती येतो बघा: M_x = 1/60, म्हणून ȳ = 1/10. आता x = 1/2 इथे आपला भाग 1/4 पासून 1/2 पर्यंतच आहे, म्हणजे (1/2, 1/10) हा बिंदू आकृतीच्या बाहेर, खाली पडला. हा आकार कुठेही आत वळलेला नाही, त्यातले कुठलेही दोन बिंदू जोडले तर रेघ आतच राहते, आणि अशा आकाराचा गुरुत्वमध्य बाहेर जाऊच शकत नाही, त्यामुळे चूक तिथल्या तिथे कळते. (बारीक चंद्रकोरीचा किंवा बांगडीचा बाहेर जातो, म्हणून 'बाहेर आला म्हणजे चूक' हा नियम डोळे झाकून वापरू नका.) दुसरा ताळा म्हणजे आडव्या पट्ट्या. y उंचीवरची आडवी पट्टी y पासून √y पर्यंत जाते आणि अख्खी X-अक्षापासून एकाच अंतरावर असते, म्हणून M_x = ∫ y(√y − y) dy = 2/5 − 1/3 = 1/15. तेच उत्तर, आणि अर्ध्याची भानगडच नाही.

आम्ही नंतर हा आकार पुठ्ठ्यातून कापला, 1 एकक म्हणजे २० सेंमी घेऊन, म्हणजे गुरुत्वमध्य कोपऱ्यापासून आडवा १० आणि वर ८ सेंमीवर यायला हवा. कडेजवळ टाचणी टोचून पुठ्ठा सैल लोंबू दिला, त्याच टाचणीला दोरा आणि खाली नट बांधून ओळंबा केला, दोऱ्याच्या मागे पेन्सिलीने रेघ मारली, मग दुसऱ्या ठिकाणी टाचणी टोचून परत. टाचणीचं भोक जरा मोठं करा, नाहीतर पुठ्ठा घासून अडकतो आणि रेघ तिरकी येते, आमची पहिली रेघ तशीच आली होती. तिसऱ्या टोचणीपर्यंत रेघा एकमेकींना काही मिलिमीटरच्या आत भेटल्या, ८ सेंमीच्या खुणेला लागूनच, आणि भाच्याचा पहिला बिंदू, २ सेंमीचा, तो तर पुठ्ठ्यावर नव्हताच, टेबलावर होता.

आणि हा आकार मी मुद्दाम निवडला. परवलयाचा जीवेने कापलेला तुकडा आहे हा, आणि त्याचा गुरुत्वमध्य सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, इंटिग्रलचं चिन्ह जन्मायच्या कितीतरी आधी काढला होता, तरफेच्याच विचाराने. त्याचा निकाल असा: जीवेच्या मध्यातून परवलयाच्या अक्षाला समांतर रेघ काढा, ती परवलयाला जिथे भेटते तिथपासून जीवेपर्यंतच्या अंतराच्या 3/5 वर गुरुत्वमध्य. आपल्या आकृतीत ती रेघ x = 1/2, खालचं टोक 1/4 वर, वरचं 1/2 वर, मधलं अंतर 1/4. त्याचे 3/5 म्हणजे 3/20, आणि 1/4 + 3/20 = 2/5.

मुलीला हे पुठ्ठा कापायच्या आधी सांगू नका, तिचा 2/5 तिचा तिला येऊ दे आणि मग दाखवा.