क्लायंटचा कॉल हुकला तर माफीत काय लिहायचं

कॉल हुकल्याचं लक्षात आलं की आधी माफी पाठव, कारणं नंतर. शक्यतो त्याच मीटिंगच्या ईमेलला रिप्लाय कर, म्हणजे कुठला कॉल ते शोधत बसावं लागत नाही. चार ओळी पुरतात:

"नमस्कार मॅडम, आज 11 वाजताच्या कॉलला मी आलो नाही, त्याबद्दल माफ करा. चूक माझी आहे. तुमचा वेळ वाया गेला. उद्या 11 किंवा दुपारी 4 यांपैकी कोणती वेळ सोयीची आहे? दोन्ही जमत नसतील तर तुमची वेळ कळवा, मी जुळवून घेईन. दरसूचीतले बदल सोबत जोडले आहेत."

यात कारण नाही, हे बघ. द्यायचंच असेल तर अर्ध्या वाक्यात आणि खरं दे. नेटवर्क गेलं होतं म्हणशील आणि त्याच वेळी तू व्हॉट्सॲपवर ऑनलाइन दिसला असशील, तर संपलंच!

"तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा बोलू" हे नम्र वाटतं खरं, पण वेळ शोधायचं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं. म्हणून दोनच वेळा सुचव आणि उत्तर येईपर्यंत त्या कॅलेंडरवर अडवून ठेव. क्लायंट दुसऱ्या देशात असेल तर वेळ त्यांच्या घड्याळाप्रमाणे लिही. "सोबत जोडले आहेत" ही शेवटची ओळ मात्र कॉलवर खरंच काही दाखवायचं असेल तरच लिही.

होकार आला की लगेच नवीन इन्व्हाइट पाठव. त्या कॉलवर माफी एका वाक्यात आटप आणि थेट कामाचं बोल.