वाईनची बाटली: टेबलावर दाखवण्यापासून परत नेण्यापर्यंत

प्रश्न: पुण्यात एका रेस्टॉरंटमध्ये नवीन लागलोय. वाईनची ऑर्डर आली की हात थरथरतात. बाटली दाखवायची, उघडायची, ओतायची कशी? आणि गेस्ट म्हणाले ‘वाईन खराब आहे’, तर काय करायचं?

चार जणांचं टेबल आणि बुचाची रेड वाईन धरून सांगतो.

ज्यांनी ऑर्डर दिली त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहा आणि लेबल त्यांच्याकडे करून बाटली दाखवा. वाईनचं नाव, द्राक्षाची जात आणि साल स्पष्ट बोला. त्यांनी मान डोलावल्याशिवाय फॉइलला हात लावू नका. मेनूवर २०१९ आणि हातात २०२१ असा घोळ इथेच सापडतो. बाटली उघडल्यावर सापडला तर तिचे पैसे कोण भरणार, हा वाद सुरू होतो. दाखवायच्या आधी बाटली हाताला कशी लागते तेही बघा. रेड वाईन ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची म्हणतात, पण ते युरोपातल्या थंड खोल्यांचं तापमान. आपल्याला १६ ते १८ अंश हवेत. उन्हाळ्यात बाहेर राहिलेली बाटली वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवूनच आणा.

फॉइल बाटलीच्या तोंडाखालच्या कडेच्या खालून कापा, म्हणजे वाईन ओतताना धातूला लागत नाही. तोंड नॅपकिनने पुसा. ओपनरच्या स्क्रूचं टोक बुचाच्या मधोमध टेकवून सरळ फिरवा आणि शेवटचा एक वेढा बाहेर ठेवा. पूर्ण आत घातला तर बुचाचा भुगा वाईनमध्ये पडू शकतो. दोन पायऱ्यांच्या ओपनरने आधी वरच्या खाचेवर उचला, मग खालच्या. शेवटचा अर्धा इंच हाताने हलवत काढा, आवाज होऊ देऊ नका. बूच मोडलंच तर घाई न करता स्क्रू थोडा तिरका घालून उरलेला तुकडा काढा. स्क्रू कॅप असेल तर यातलं काहीच लागत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच नाशिकच्या वाईन तशाच येतात. दाखवणं आणि चव देणं मात्र तेव्हाही चुकवायचं नाही.

आता चवीचा घोट. ऑर्डर देणाऱ्यांच्या ग्लासात साधारण ३० मिली ओता आणि थांबा. हा घोट वाईन आवडली का हे विचारायला नसतो, बाटली निरोगी आहे ना हे तपासायला असतो. त्यामुळे ‘कशी वाटली सर?’ असं न विचारता ‘ठीक आहे ना?’ एवढंच विचारा. होकार आला की आधी बाकीच्यांना ओता. बहुतेक ठिकाणी बायकांना प्रथम वाढतात. चव घेणाऱ्यांचा ग्लास शेवटी भरा. ७५० मिलीची बाटली म्हणजे साधारण १५० मिलीचे पाच ग्लास. चौघांना पहिल्या फेरीत १२०-१३० मिली दिलं की पुन्हा भरायला उरते. ओतून झालं की मनगट किंचित वळवा, थेंब टेबलक्लॉथवर पडत नाही.

समजा, त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, ‘कुबट वास येतोय.’ वाद घालू नका. ‘लगेच बघतो सर’ म्हणून ग्लास आणि बाटली दोन्ही उचला आणि कॅप्टनला वास घ्यायला सांगा. भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा ओल आलेल्या खोलीचा वास असेल आणि फळाचा गंध दबला असेल, तर दोष बुचातून आलाय. त्यामागे टीसीए नावाचं रसायन असतं. ते प्यायल्याने अपाय होत नाही, पण ग्लास कितीही फिरवला तरी वास जात नाही. याउलट पेटवलेल्या काडीसारखा वास दोनेक मिनिटं ग्लास फिरवला की बहुतेक वेळा उडतो. अशी बाटली लगेच बाद करू नका. रंग तपकिरी आणि चव शिळ्या सफरचंदासारखी असेल तर वाईनला हवा लागलीय. बूच वर सरकलेलं आणि फॉइलखाली चिकट ओघळ असेल तर बाटली बहुधा उन्हात तापलीय. हे ओघळ फॉइल कापतानाच दिसतात, तेव्हाच कॅप्टनला दाखवा. तळाशी किंवा बुचाला साखरेसारखे स्फटिक दिसले तर तो दोष नाही. ते वाईनमधल्या आम्लाचे असतात.

दोष असेल तर नवीन बाटली, नवीन ग्लास, आणि पुन्हा दाखवण्यापासून सगळं. जुन्या ग्लासात नवीन वाईन ओतली तर आधीचा वास तिलाही लागतो. दोष नसेल, फक्त चव आवडली नसेल, तर बदलून द्यायची की नाही हे मॅनेजर ठरवतील. तुम्ही टेबलावर हो किंवा नाही म्हणू नका. परत आलेली बाटली बेसिनमध्ये रिकामी करू नका. उरलेली वाईन तशीच ठेवून तेच बूच परत लावा, वर तारीख आणि टेबल नंबर लिहून बारमध्ये द्या. सप्लायर बदली बाटली देताना बहुतेक वेळा तीच बघायला मागतात.