आई-बाबांच्या आरोग्य विम्याचा तुलना-तक्ता कसा तपासावा?

प्रश्न: आई ६१ वर्षांची, मधुमेह आहे, गुडघेही दुखतात. एजंटने तीन पॉलिसींचा तक्ता पाठवलाय. तिसरीचा हप्ता सगळ्यात कमी आणि तिच्यापुढे सगळीकडे बरोबरची खूण. 'जुने आजार पहिल्या दिवसापासून' असंही लिहिलंय. डोळे झाकून घेऊ का?

उत्तर: थांबा. मी बरीच वर्षं आरोग्य विम्याचे क्लेम तपासायचं काम केलं आहे आणि नेमक्या याच वाक्यावर विसंबलेल्या एका बाईंचा क्लेम मला नामंजूर करावा लागला होता. त्यांनाही मधुमेह होता, पॉलिसी 'पहिल्या दिवसापासून' वाली होती, आणि चौदाव्या महिन्यात त्यांचा गुडघा बदलला. त्यांनी काहीही लपवलं नव्हतं. पॉलिसीच्या शब्दांपुढे माझा इलाज नव्हता, पण त्यांच्या मुलाचा चेहरा अजून आठवतो.

झालं असं होतं की तक्त्यात प्रतीक्षा कालावधीची, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर किती काळ पैसे मिळणार नाहीत याची, एकच ओळ होती. प्रत्यक्षात असे कालावधी तीन असतात, आणि पॉलिसीत ते वेगवेगळ्या कलमांत असतात. `Excl03` म्हणजे पहिले ३० दिवस. त्यात अपघात सोडून कशाचेच पैसे मिळत नाहीत. `Excl01` म्हणजे आधीपासून असलेले आजार. आणि `Excl02` म्हणजे ठरावीक आजारांची व शस्त्रक्रियांची यादी: मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, सांधेबदल वगैरे. ही यादी सगळ्यांना लागू असते, आजार पॉलिसीनंतर सुरू झाला असला तरी. बहुतेक ठिकाणी ती मुदत २४ महिने असते. 'पहिल्या दिवसापासून' ही सवलत फक्त `Excl01` मधली, तीही बहुधा मधुमेह, रक्तदाब अशा नावानिशी दिलेल्या आजारांपुरती. गुडघ्याची मुदत तिने कमी होत नाही.

तुमच्या आईच्या बाबतीत अजून एक गाठ आहे. मागच्या ३६ महिन्यांत एखाद्या हाडांच्या डॉक्टरांनी कागदावर गुडघ्याच्या संधिवाताचं निदान लिहिलं असेल, तर तो आधीपासूनचा आजार ठरतो. मग तीच शस्त्रक्रिया दोन्ही कलमांत येते, आणि `Excl02` मध्येच लिहिलेलं असतं की दोन्हींपैकी जी मुदत मोठी ती लागू. म्हणजे २४ नव्हे, ३६ महिन्यांपर्यंत. म्हणून तक्त्यातल्या त्या खुणेच्या जागी तीन आकडे लिहून मागा: मधुमेहाला किती महिने, मोतीबिंदूला किती, गुडघेबदलाला किती. मुदतीच्या प्रश्नाला बरोबरची खूण हे उत्तरच होऊ शकत नाही, तिथे महिनेच लिहायला हवेत. आणि कुठे '४ वर्षे' दिसलं तर तो तक्ता जुना आहे असं समजा. २०२४ पासून विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, आधीच्या आजारांची कमाल मुदत ४८ वरून ३६ महिन्यांवर आणली आहे.

आता हप्ता. पहिल्या दिवसाची सवलत पुष्कळदा मूळ पॉलिसीत नसते, जादा पैसे भरून घ्यायची असते. तक्त्यात खूण सवलतीसह आणि हप्ता सवलतीविना, असा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. तिन्ही कंपन्यांची कोटेशन्स आईचं खरं वय, खरा मधुमेह, तेच शहर आणि तीच विमा रक्कम घालून स्वतः काढा. मगच तीन हप्ते शेजारी ठेवा.

जी ओळ तक्त्यात नाहीच, तिच्याकडे मात्र जास्त लक्ष द्या. साठीनंतर घेतलेल्या पॉलिसीत सहभुगतान, म्हणजे को-पे, आहे का, म्हणजे मंजूर रकमेतला ठरावीक टक्के वाटा तुम्हालाच भरावा लागतो का? खोलीभाड्याला मर्यादा आहे का? या दोन ओळी नसल्या की स्वस्त पॉलिसी सगळ्यात चांगली दिसते.

हिशेबच करून दाखवतो. समजा विमा रक्कम ५ लाख, खोलीभाड्याची मर्यादा तिच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. आईला ८,००० ची खोली मिळाली, मुक्काम ४ दिवस. बिल असं: खोली ३२,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर मिळून १,२०,०००, इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या १,००,०००. एकूण २,५२,०००. लोकांना वाटतं की खोलीचे वरचे १२,००० तेवढे आपल्या खिशातून जातील. पण जिथे रुग्णालय खोलीच्या दर्जानुसार डॉक्टरांची फी बदलतं, तिथे विमा कंपनी त्या फीलाही तीच कात्री लावते: पाच-अष्टमांश. म्हणजे खोलीचे २०,०००, सर्जन वगैरेंचे ७५,००० आणि इम्प्लांट-औषधं-तपासण्यांचे पूर्ण १,००,०००, कारण त्यांना ही कपात लावता येत नाही. झाले १,९५,०००. त्यावर २० टक्के को-पे असेल तर हातात येतात १,५६,०००. तुमच्या खिशातून ९६,००० जातात, आणि तक्त्यात मात्र यातल्या कशाचीच ओळ नसते.

तपासायचं कसं, तर प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावरून दोन कागद उतरवा: पॉलिसीची संपूर्ण शब्दरचना आणि ग्राहक माहिती पत्रक. दोन्हीवरचा UIN, म्हणजे पॉलिसीच्या प्रत्येक आवृत्तीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, कोटेशनमधल्या क्रमांकाशी जुळतो का ते आधी पाहा, कारण एकाच नावाच्या पॉलिसीच्या जुन्या-नव्या आवृत्त्या असतात. मग पीडीएफमध्ये हे शब्द शोधा:

```
months
co-pay
proportionate
sub-limit
```

`months` शोधताना प्रत्येक ठिकाणी थांबून वाचा. मुदती तिथेच सापडतात. `sub-limit` पाशी मोतीबिंदूला एका डोळ्यामागे किती रुपये ते कळतं, आणि आईच्या वयाला हे कलम हमखास लागतं. `proportionate` पाशी वर सांगितलेली खोलीभाड्याची कात्री सापडते. को-पे कधी `co-payment` असाही लिहितात, वरच्या शोधात तोही येतो. पत्रक आणि शब्दरचना यांत फरक दिसला तर शब्दरचना धरा, क्लेम तपासणारा माणूस तीच उघडून बसतो.

एजंट कदाचित म्हणेल, "गुडघ्याचं लिहू नका, तीन वर्षांनी कोण विचारतंय." हे अजिबात ऐकू नका. क्लेम आला की रुग्णालयाचे जुने कागद मागवले जातात, आणि त्यात तीन ओळींत लिहिलेला इतिहास असतो: किती वर्षं दुखतंय, कोणाला दाखवलं. न सांगितलेली गोष्ट तिथे सापडली तर क्लेमच नाही, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

त्याला ते तीन आकडे, को-पे आणि खोलीभाडं ईमेलवर कलम क्रमांकासह लिहून द्यायला सांगा. फोनवरचं 'हो हो, आहे' चालणार नाही. पॉलिसी घेतलीत तर कागद हाती आल्यापासून ३० दिवस ती परत करता येते. वैद्यकीय तपासणी, मुद्रांक आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे कापून बाकी हप्ता मिळतो. त्या ३० दिवसांत आईच्या नावाच्या खऱ्या पॉलिसीत `Excl02` ची यादी पुन्हा एकदा वाचा.